धागा: पूजा सांगणारा कुठे संसारी, कुठे ब्रह्मचारी. असं का?

निपाणीकर_सुहास

मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेला प्रश्न विचारतो.

आपल्या सीमाभागात एका तालुक्यात सगळे प्रकार बघायला मिळतात. जैन बस्तीत रोजचा अभिषेक करणारे उपाध्ये बायकामुलांचे, आणि त्याच बस्तीत चातुर्मासाला उतरणारे मुनिमहाराज आजन्म ब्रह्मचारी. लिंगायतांच्यात लग्न-मर्तिकाला येणारे अय्या संसारी, पण मोठ्या मठाचे स्वामी अविवाहित. बेळगावात कॅथलिक फादर एकटे राहतात, मेथडिस्ट पास्टरांचं मात्र चारचौघांसारखं घरदार असतं. दर्ग्याचे पिरजादे तर बापाकडून मुलाकडे असेच चालत आलेले.

देवाच्या कामाला ब्रह्मचर्य लागतच असेल तर सगळ्यांना का लागत नाही? आणि लागत नसेल तर काही जणांकडूनच ते का मागतात? "पावित्र्यासाठी" एवढंच उत्तर देऊ नका, कारण उपाध्ये काही अपवित्र नसतात. कुणाला आतली माहिती असेल तर लिहा.

टिळकवाडी_टवाळ

आतली माहिती नाही, पण निरीक्षण आहे. मित्रांमुळे दोन्ही चर्चमध्ये जाणं झालंय. फादरचं प्रवचन दहा मिनिटांत आटपतं, पास्टरचं तासभर चालतं. ज्याला घरी बोलू देत नाहीत तो बाहेर भरून काढतो.

कॅम्पातला_वकील

सुहास, उत्तर सरळ आहे. मालमत्ता.

रोममध्ये 1139 साली दुसरी लॅटरन परिषद भरली आणि तिने पाद्र्यांची लग्नं रद्दबातल ठरवली. त्याआधी पाद्र्यांची मुलं चर्चच्या जमिनीवर बसायची. लग्नच नाही म्हटल्यावर औरस वारस नाही, आणि वारस नाही म्हणजे जमीन चर्चकडे राहिली.

आपल्याकडेही तेच. हिंदू कायद्यात संसार सोडून संन्यास घेतलेला माणूस व्यवहारापुरता मेलेला धरतात. त्याची आधीची मालमत्ता घरच्या वारसांना जाते आणि संन्यासानंतर जे मिळेल ते शिष्याकडे. मठाच्या जमिनीचे तुकडे पडू नयेत यासाठी यापेक्षा चांगली सोय नाही.

आता उलट बाजू बघा. जिथे जमीन किंवा मान घराण्याच्या नावाने वतन म्हणून मिळाला, तिथे लग्न करावंच लागतं, नाहीतर वतन पुढे चालवणार कोण? उपाध्ये, गुरव, पिरजादे या सगळ्यांना घराण्याचा हक्क आहे, म्हणून सगळे संसारी. बाकीचं तत्त्वज्ञान मागाहून चिकटवलेलं.

येळ्ळूरचा_पाटील

वकीलसाहेब, आमच्याकडं वेगळंच हाय बघा. आमच्या पाहुण्यांच्या गावात देवीचा पुजारी चांगला तीन पोरांचा बाप. पण नवरात्रात घट बसले की नऊ दिवस देवळातच झोपतोय. घरी जात नाही, गादीवर बसत नाही, पायात काही घालत नाही. दसरा झाला की परत घरी. आता ह्यात कुठली मालमत्ता आली?

मंगलताई_शहापूर

सुहासभाऊ, फार जिव्हाळ्याचा विषय काढलात. माझा भाचा पौरोहित्य करतो. वेदपाठशाळेत आठ वर्षं काढली, स्वतःचं घर आहे, व्यसन नाही. वय बत्तीस, आणि मुलगी मिळत नाही! "भटजी आहे" म्हटलं की पुढचं बोलणंच होत नाही. मुलींना आयटीवाला हवा, नाहीतर निदान बँकेतला. त्याने ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेलं नाही, समाजाने त्याच्यावर लादलंय. पाहण्यात कुणी असेल तर कृपया निरोप ठेवा. पत्रिका लगेच पाठवते.

टिळकवाडी_टवाळ

मंगलताई, धागा चुकलात, पण सगळ्यात खरा प्रश्न तुमचाच आहे.

कॅम्पातला_वकील

ताई, यात सरकारनेही हात घालून झालाय. 2021 मध्ये कर्नाटकच्या ब्राह्मण विकास मंडळाने पुरोहिताशी लग्न करणाऱ्या गरीब घरच्या मुलींसाठी तीन लाखांची योजना जाहीर केली होती. मैत्रेयी असं नाव. पहिल्या टप्प्यात पंचवीसच जणींसाठी होती, पण चौकशी करून बघा.

मंगलताई_शहापूर

तीन लाख देऊन आणलेली सून नको हो. तिला तो आवडला पाहिजे.

अथणीचा_अय्या

मी जंगम घरातला. आजोबा मठपती होते. गावातल्या लिंगायत घरांत बारशापासून मर्तिकापर्यंतची कामं त्यांच्याकडे. लग्न तर पाहिजेच, कारण ही घरं वाटून दिलेली असतात आणि बापामागे मुलगा ती सांभाळतो. इथपर्यंत वकीलसाहेबांचं पटतं.

पण मठांचं तेवढं सरळ नाही. विरक्त मठाचे स्वामी ब्रह्मचारी, हे खरं. दुसरीकडे गुरुवर्गातले काही मठ असे आहेत की जिथे स्वामीच संसारी असतो आणि गादी मुलाकडे जाते. त्यांना पुत्रवर्ग म्हणतात. शिष्य नेमून चालणारा तो शिष्यवर्ग. जमीन दोन्हींकडे आहे. मग मालमत्तेसाठीच ब्रह्मचर्य आलं असेल तर पुत्रवर्ग इतकी वर्षं टिकला कसा?

आणखी एक. स्वामी ब्रह्मचारी असले म्हणून घराणं सुटतंच असं नाही. मुलगा नसला तरी पुतण्या असतो. स्वामींच्या पूर्वाश्रमीच्या भावाचा मुलगा लहानपणीच मठात आणून ठेवायचा, आणि पुढे तोच उत्तराधिकारी, असं आमच्या भागात कितीतरी ठिकाणी झालंय. मठ नीट चाललाय की नाही हे ओळखायची खूण आमचे आजोबा सांगायचे. स्वामी धडधाकट असताना चार गावच्या भक्तांसमोर मरीची, म्हणजे पुढच्या स्वामीची, निवड जाहीर केलेली असेल तर काळजी नाही. "बघू पुढे" म्हणत राहिले की समजायचं, स्वामी लिंगैक्य झाल्यावर भक्त एकीकडे, पूर्वाश्रमीचे नातेवाईक दुसरीकडे आणि तारखा कोर्टात.

म्हणूनच हानगलच्या कुमारस्वामींनी 1909 मध्ये बदामीजवळ शिवयोगमंदिर काढलं असावं, असं मला वाटतं. मठांवर जाणारी मुलं तिथे एकत्र राहून शिकतात, म्हणजे नुसतं कुणाचा पुतण्या एवढ्यावर भागत नाही.

कागवाडचा_इम्तियाज

पुतण्याचं वाचून राहवलं नाही. आमच्यात पीर-औलियांना लग्नाची मनाई कधीच नव्हती. खुद्द पैगंबर संसारी, त्यामुळे संन्यासासारखं जगणं आमच्या उलेमांना पटत नाही. तरी दिल्लीचे निजामुद्दीन औलिया आयुष्यभर अविवाहित राहिले. त्यांच्यावर कुणी सक्ती केली नव्हती, त्यांची त्यांनीच निवड केली. आणि दर्ग्याची सेवा आज कुणाकडे आहे? त्यांच्या बहिणीच्या वंशाकडे. म्हणजे संत लग्नाचा नसला तरी दर्गा घराण्याकडेच आला.

जुना_बस्तवाडकर

धागा सकाळपासून वाचतोय. आता सविस्तर लिहितो, कारण सुहासने बस्तीपासून सुरुवात केली आणि नेमकं बस्तीबद्दलच कुणी लिहिलं नाही. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे.

आपण "अमुक धर्मात ब्रह्मचर्य आहे, तमुक धर्मात नाही" अशी वाटणी करतो. ती जैनांवर लावून बघा, लागत नाही. आपल्या भागातल्या दिगंबर समाजात एकाच धर्मात उपाध्ये संसारी, भट्टारक ब्रह्मचारी पण वस्त्र नेसणारे आणि मठ सांभाळणारे, आणि मुनी ब्रह्मचारी व अंगावर सूतही नसलेले. तेव्हा धर्म बाजूला ठेवा आणि तो माणूस कुठलं काम करतो ते बघा.

मुनी अभिषेक का करत नाहीत, याचा विचार केलाय कधी? त्यांना ती मुभाच नाही. अभिषेकाला पाणी लागतं, फुलं तोडावी लागतात, दिवा-धूप लागतो. पाण्यात, अग्नीत, फुलात जीव आहेत असं जैन मानतात. मुनीने अहिंसेचं महाव्रत पूर्ण घेतलेलं असतं, सवलत ठेवलेली नसते. त्यामुळे तो हात जोडून मनाने पूजा करतो आणि द्रव्याची पूजा गृहस्थच करतो. गृहस्थाला थोडी हिंसा टळत नाही हे शास्त्राने धरलेलंच आहे. थोडक्यात उपाध्येला लग्नाची नुसती परवानगी आहे असं नाही, त्याचं काम संसारी माणसाचंच आहे. मुनीला ते करता येणार नाही.

वैदिकांकडे याच्याजवळ जाणारी गोष्ट आहे. अग्निहोत्र पत्नीसह ठेवायचं. आणि संन्यास घेणारा आधी अग्नीचा त्याग करतो, म्हणून यज्ञ सांगायला संन्यासी चालत नाही. मंगलताई, तुमच्या भाच्याचं काम मुळात संसारी माणसाचं आहे, त्यामुळे त्याची अडचण खरोखरच मोठी.

सांगायचं ते असं की इथे दोन कामं आहेत. लोकांसाठी विधी करणं हे एक, आणि स्वतः सगळं सोडून दाखवणं हे दुसरं. ब्रह्मचर्य दुसऱ्या कामाचं आहे.

निपाणीकर_सुहास

बस्तवाडकर काका, हे पटलं. पण सोडायचंच असेल तर घर, पैसा, अन्न एवढं पुरे नाही का? लग्नावरच एवढा भर कशासाठी?

जुना_बस्तवाडकर

छान विचारलंस. त्याचं उत्तर एका जुन्या संवादात आहे. श्वेतांबरांच्या उत्तराध्ययन सूत्रात पार्श्वनाथांच्या परंपरेतले केशी आणि महावीरांचे शिष्य गौतम यांची भेट येते. केशी विचारतात, पार्श्वनाथांनी चार व्रतं सांगितली, महावीर पाच सांगतात, हे कसं? पाचवं जे वेगळं काढलं ते ब्रह्मचर्य. गौतमांच्या उत्तराचा आशय असा की आधीच्या लोकांना सांगायची गरज नव्हती, त्यांना कळत होतं. नंतरचे लोक पळवाट काढणारे, म्हणून स्पष्ट सांगावं लागलं.

टीकाकार सांगतात की आधी ते अपरिग्रहातच धरलेलं होतं. पत्नी, मुलं, घर, शेत हे सगळं "माझं" म्हणायचं. माझं सोडायचं म्हटल्यावर हेही आलंच. आता वकीलसाहेबांचा मुद्दा घ्या. मालमत्ता आणि ब्रह्मचर्य यांचा संबंध आहे, पण जैनांकडे तो उलट्या दिशेने येतो. वकीलसाहेब म्हणतात संस्थेची मालमत्ता राखायला ब्रह्मचर्य. इथे मालमत्ता नावाची गोष्टच सोडायची, म्हणून ब्रह्मचर्य. मुनीकडे मोरपिसांची पिंछी, कमंडलू आणि एखादा ग्रंथ यापलीकडे काही नसतं. त्याच्या मागे वारस आला तरी त्याला मिळणार काय?

आणि हे एका दिवसात होत नाही. श्रावकाच्या अकरा प्रतिमा आहेत, पायऱ्यांसारख्या. सहाव्या प्रतिमेपर्यंत माणूस बायकोबरोबर संसार करू शकतो, मर्यादा वाढत जातात एवढंच. सातवी ब्रह्मचर्याची. धंदा-शेतीची कामं सुटतात आठवीला, मालमत्ता नववीला. म्हणजे ब्रह्मचर्य घेतल्यावरही माणूस घरात राहून दुकान चालवू शकतो. अकराव्या पायरीला क्षुल्लक, ऐलक, आणि त्याच्यापुढे मुनी.

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. आचार्य शांतिसागर, जन्म 1872, भोजच्या पाटील घराण्यातले. संसारातलं नाव सातगोंडा. त्या काळच्या रीतीने अगदी लहानपणी लग्न झालं आणि ती मुलगी थोड्याच महिन्यांत वारली. घरच्यांनी पुन्हा लग्नाचं काढलं, त्यांनी नकार दिला. पण लगेच घर सोडलं नाही. आईवडील हयात असेपर्यंत घरातच राहिले. त्यांच्यामागे आधी क्षुल्लक झाले, आणि 1920 मध्ये यरनाळला मुनिदीक्षा. तेव्हा वय पन्नाशीकडे झुकलेलं. ब्रह्मचर्य आणि दीक्षा यांच्यामध्ये कितीतरी वर्षं गेली. 1955 मध्ये कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेतली.

सदलग्याचे आचार्य विद्यासागर याच्या उलट. 1946 चा जन्म, 1968 मध्ये अजमेरला थेट मुनिदीक्षा, वय बावीसच्या आत-बाहेर. पण त्यांच्यामागून आईवडिलांनीही दीक्षा घेतली. ती दोघं तर भरला संसार करून, मुलं वाढवून त्या वाटेला गेली. म्हणजे आधी लग्न झालेलं असलं तरी काही बिघडत नाही.

टिळकवाडी_टवाळ

भट्टारकांचं राहिलं की. आणि नांदणीच्या हत्तिणीचा विषय कुणी काढू नका, मागच्या धाग्यावर तीनशे प्रतिसाद होऊन कुलूप लागलं.

जुना_बस्तवाडकर

भट्टारकांना मात्र वकीलसाहेबांचं म्हणणं चपखल बसतं. नांदणी, कोल्हापूर इथले मठ बघा. जमीन, ग्रंथभांडार, समाजाचे तंटे, उपाध्यांवर देखरेख हे सगळं त्यांच्याकडे. गादीवर बसणाऱ्याला त्या गादीचं ठरलेलं नाव मिळतं. नांदणीला जिनसेन, कोल्हापूरला लक्ष्मीसेन. बाप-मुलगा असा संबंध राहूच नये, गादी तेवढी दिसावी, अशी ती व्यवस्था आहे.

खानापूरची_लेक

मी कॅथलिक, घरी मराठी-कोंकणी दोन्ही. माझी थोरली बहीण सिस्टर आहे आणि आमचे एक मामा फादर. 1139 वाचून थांबवलं नाही, म्हणून लिहिते.

वकीलदादा, 1139 च्या आधी आठशे वर्षं हा विषय चालू होता. स्पेनमध्ये एल्विराला 305 च्या सुमारास परिषद झाली, तिथे लग्न झालेल्या पाद्र्यांना पत्नीपासून दूर राहायला सांगितलंय. तेव्हा चर्चकडे जमिनी कुठल्या, छळ चालू होता. मग 385 मध्ये पोप सिरिसियस यांचं पत्र आहे, आणि त्यातलं कारण पाटीलमामांच्या पुजाऱ्यासारखंच आहे! ते लिहितात, जुन्या करारातले याजक संसारी होते, पण मंदिरात त्यांची पाळी असेपर्यंत घरी जात नसत. आमचा पाद्री तर रोजच वेदीवर उभा राहतो. पाळी संपतच नाही, तर दूर राहणंही संपत नाही. नऊ दिवसांचं व्रत बारमाही झालं म्हणा.

जमिनीचा प्रश्न नव्हताच असं म्हणत नाही. 1022 मध्ये पाव्हियाला पोप आठवे बेनेडिक्ट यांनी पाद्र्यांच्या मुलांना चर्चचे गुलाम ठरवलं, ते उघडउघड जमिनीसाठी. पण 1139 मध्ये नवीन काय झालं? आधी पाद्र्याने लग्न केलं तर ते पाप होतं, तरी लग्न लग्न राहायचं. 1139 नंतर ते लग्नच धरलं जाईना.

आणि हे फक्त पश्चिमेकडे, लॅटिन परंपरेत. पूर्वेकडे 692 च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलला ठरलं की लग्न झालेला माणूस पाद्री होऊ शकतो आणि पत्नीबरोबर राहू शकतो. पाद्री झाल्यावर मात्र लग्न करता येत नाही, आणि बिशप अविवाहितच हवा. म्हणून तिकडे बिशप मठातून येतात. बस्तवाडकरकाका, तुमची दोन कामं तिकडे अशी वेगळी राहिली. गावातला पाद्री संसारी, मठातला साधू ब्रह्मचारी. लॅटिन चर्चने दोन्ही एकाच माणसावर ठेवली.

आमचे मामाच सांगतात की हा चर्चचा नियम आहे, श्रद्धेचा सिद्धांत नव्हे. अँग्लिकन चर्चमधून आलेल्या लग्नाच्या पाद्र्यांना कॅथलिक चर्चने पत्नीसह घेतलंय. सिद्धांत असता तर घेतलं असतं का?

कॅम्पातला_वकील

1022 चा पुरावा तुम्हीच दिलात, म्हणजे माझा मुद्दा पडला नाही. सुरुवात कशानेही होऊ दे. तो नियम आठशे वर्षं कुणी पाळत नव्हतं आणि जमिनी जाऊ लागल्यावर तो कडक झाला, हे मला जास्त बोलकं वाटतं.

खानापूरची_लेक

कडक होण्याला जमीन हे एक कारण, मान्य. पण त्याच वेळी क्लूनीसारख्या मठांतले साधू पोप आणि बिशप होत होते. त्यांना गावचा पाद्रीही आपल्यासारखा हवा होता. मठातली माणसं सत्तेवर आली की मठाचा नियम गावाला लागतो. तुम्हाला यातलं कुठलं जास्त पटतं ते तुम्ही ठरवा.

हुबळीहून_पुण्याला

मुंडगोड कुणाच्या लक्षात आलं नाही? बेळगावहून सकाळी निघालात तर दुपारच्या आत पोचता. तिथे तिबेटी निर्वासितांचे गांदेन आणि द्रेपुंग असे प्रचंड मठ आहेत. गेलुग पंथाचे, सगळे भिक्षू ब्रह्मचारी. साक्य नावाचा दुसरा पंथ आहे, त्याची गादी खोन घराण्यात वंशाने चालते आणि गादीवरचे लामा लग्न करतात. गेलुगमध्ये मुलगा नाही, मग गादी कोण घेणार? तर गेलेल्या लामाचा पुनर्जन्म शोधायचा. दलाई लामांचं तेच. अय्यांच्या पुतण्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणायला हरकत नाही, तरी कधीकधी पुनर्जन्म बड्या घरातच सापडतो अशी कुरकूर तिथल्याच लोकांची असते.

जपान तर पुढचं टोक. 1872 मध्ये मेजी सरकारने फर्मान काढलं की भिक्षूंनी लग्न करावं, मांस खावं, सरकारची हरकत नाही. आज तिथली बहुतेक मंदिरं बापाकडून मुलाकडे जातात.

अथणीचा_अय्या

म्हणजे पुत्रवर्गच.

रामतीर्थनगर_मेघा

इतका वेळ गादी, जमीन, वारस चाललंय. बायकांचं काय? सिस्टरला पॅरिश मिळत नाही, जैन साध्वीला, म्हणजे आर्यिकेला, मठाची गादी मिळत नाही. ज्यांच्याकडे काही जाणारच नाही त्यांच्याकडूनही ब्रह्मचर्य घेतलंच आहे. वकिलांचा मुद्दा इथे लागू होत नाही. आणि काकांचाही पूर्ण लागत नाही, कारण सिस्टर तर दिवसभर दवाखान्यात आणि शाळेत लोकांचंच काम करतात. "सोडून दाखवणं" एवढंच त्यांचं काम नाही.

खानापूरची_लेक

मेघा, मी बहिणीला हेच विचारलं होतं. आधी एक गोष्ट सांगते, जी आपल्या लोकांनाही माहीत नसते. धर्मप्रांताचे फादर, म्हणजे आमचे मामा, दारिद्र्याचं व्रत घेतच नाहीत. डीकन होताना ब्रह्मचर्याचं वचन देतात आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं. मामांची स्वतःची मोटरसायकल आहे, बँकेत खातं आहे. बहिणीची तीन व्रतं आहेत. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. पगार मिळाला तरी संघाच्या खात्यात जातो. चप्पल घ्यायची तरी सुपीरियरला सांगून. तीही एकदम कायमची नाहीत. नवशिकेपणाच्या काळानंतर पहिली व्रतं ठरावीक मुदतीची असतात. ती निदान तीन वर्षं तरी करून झाल्यावर कायमची घ्यायची की नाही ते ठरतं. तिच्याबरोबरच्या काही जणी मुदत संपल्यावर घरी परतल्या, पुढे त्यांची लग्नं झाली, त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत.

ती म्हणाली, "मला कुठेही पाठवलं तरी जाता येतं. ओरिसाला म्हटलं, गेले. नवरा, सासू असते तर विचारायला लागलं असतं." तिच्या लेखी ब्रह्मचर्य म्हणजे पाच-सहा जणींनी एका घरात, एका ताटावर राहायची सोय. मला हे पूर्ण पटतं असं नाही. आईला शेवटच्या आजारात तिची गरज होती आणि ती येऊ शकली नाही, ते मी विसरलेली नाही.

मंगलताई_शहापूर

लेकी, वाचून गलबलून आलं. मुलीची जात, कुठेही गेली तरी कुणाची तरी आज्ञा आहेच.

रामतीर्थनगर_मेघा

मंगलताई, उलटंही आहे ना. अक्कमहादेवीच्या काळापासून बाईला सासर नको असेल तर "मी देवाची" म्हणण्याशिवाय दुसरी वाट कुठे होती? पुरुष व्रत घेतो तेव्हा संसार सोडतो. बाई कधीकधी व्रत घेते तेव्हा तिला सोडून देतात, आणि तेच तिला हवं असतं. काका, आर्यिकांबद्दल लिहाल का?

जुना_बस्तवाडकर

लिहितो, आणि जे आहे ते लिहितो. दिगंबर परंपरा म्हणते की स्त्रीदेहाने थेट मोक्ष नाही, कारण तिला वस्त्र सोडता येत नाही. म्हणून आर्यिका एक पांढरी साडी नेसते आणि तिची महाव्रतं उपचाराने मानलेली, पूर्ण मुनीच्या बरोबरीची नव्हेत. श्वेतांबर हे मानत नाहीत, त्यांच्याकडे स्त्रीला मोक्ष आहे. तरी ब्रह्मचर्याचा नियम आर्यिकेला मुनीइतकाच कडक. दर्जा कमी आणि नियम तेवढाच, हा तुझा आक्षेप रास्त आहे, आणि त्यावर माझं समाधान करणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

एवढं खरं की नियम दोघांना बांधतो. मूलाचारात अंतर मोजून दिलंय. आर्यिकेने आचार्यांना पाच हातांवरून, उपाध्यायांना सहा हातांवरून आणि साधूंना सात हातांवरून वंदन करायचं. हे उपाध्याय संघातले शिकवणारे मुनी, बस्तीतले उपाध्ये नव्हेत. मुनीने एकट्या आर्यिकेशी एकांतात बोलायचं नाही. चूक झाली तर आचार्यांपुढे ती बोलून दाखवायची. दोष मोठा असेल तर दीक्षेची काही वर्षं कापतात, म्हणजे कालपर्यंत जे धाकटे होते त्यांना आज आधी नमस्कार करायचा. त्याहून मोठा असेल तर दीक्षा मुळापासून पुन्हा. संघातल्या माणसाला हे न सांगताही कळतं, कारण ओळीतली जागा बदललेली असते.

येळ्ळूरचा_पाटील

ह्ये बरं हाय. आमच्या पुजाऱ्यानं नवरात्रात घोळ केला तर नुसता नारळ फोडून मोकळा.

निपाणीकर_सुहास

सगळ्यांचे आभार. माझ्या प्रश्नापुरतं बघितलं तर उपाध्ये आणि मुनी यांचं उत्तर मिळालं, फादर आणि पास्टर यांचं बरंचसं मिळालं. पास्टरांकडे ब्रह्मचर्य का गेलं, ते मात्र कुणी लिहिलं नाही. मेथडिस्ट मुळात त्याच परंपरेतून फुटलेले ना?

खानापूरची_लेक

सुहासदादा, तिकडे मठच बंद झाले. ल्यूथर स्वतः मठातला साधू होता, 1525 मध्ये त्याने कॅथरिना फॉन बोरा या मठ सोडलेल्या सिस्टरशी लग्न केलं. त्याचं म्हणणं, व्रताने माणूस देवाच्या जास्त जवळ जातो असं शास्त्रात कुठेही नाही. काकांच्या भाषेत सांगायचं तर दुसरं कामच त्यांनी काढून टाकलं, मग त्याचं व्रत कशाला राहील? इंग्लंडमध्येही मठ गेले आणि पाद्र्यांना लग्नाची मुभा मिळाली. मेथडिस्ट त्यातूनच निघालेले.

कॅम्पातला_वकील

आणि मठ बंद झाल्यावर त्यांच्या जमिनी कुणी घेतल्या? आठव्या हेन्रीने. मी सुरुवातीपासून काय म्हणतोय?

खानापूरची_लेक

हेन्रीने जमिनी घेतल्या, पण पाद्र्यांना लग्न करू दिलं नाही हो! 1539 च्या त्याच्या कायद्यात पाद्र्याच्या लग्नाला शिक्षा होती. मुभा आली ती तो गेल्यावर, त्याच्या मुलाच्या राज्यात, 1549 मध्ये. जमीन आधीच राजाकडे गेली होती, तरी ब्रह्मचर्य दहा वर्षं तसंच राहिलं. याचा हिशोब तुमच्या मुद्द्यात कसा बसवायचा ते सांगा.

कॅम्पातला_वकील

उद्या कोर्टाला सुट्टी आहे. वाचून सांगतो.